घेतलेला श्वास आणि कामी आलेला श्वास

मालवण-तारकर्लीला स्नॉर्केलिंग करायला गेलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो. तोंडात धरायची ती नळी एवढी आखूड का? जेमतेम 40 सेंटिमीटर. मीटरभर लांब असती तर आणखी खाली जाऊन मासे पाहता आले असते. खोल पाण्यात छातीवर पाण्याचा दाब येतो आणि छाती फुगवणंच अवघड होतं, हे त्याचं एक कारण आहे. पण समजा, दाबाचा प्रश्न नाही आणि तुम्ही घरात कोचावर बसून मीटरभर लांब नळीतून श्वास घेताय. तरीही काही मिनिटांत जीव घुसमटायला लागेल. नळीत कुठेही बोळा अडकलेला नाही, हवा आत-बाहेर खेळते आहे, छातीही हलते आहे, आणि तरी घुसमट.

हिशोब सोपा आहे. दोन सेंटिमीटर व्यासाच्या मीटरभर नळीत सुमारे 314 मिलिलिटर हवा मावते. शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात साधारण 500 मिलिलिटर हवा आत घेतो. तुम्ही उच्छ्वास सोडला की त्याचा शेवटचा भाग नळीतच अडकून राहतो. ही हवा फुफ्फुसातून आलेली, वापरलेली, कार्बन डायऑक्साइडने भरलेली असते. पुढचा श्वास घेताना आधी तीच परत आत जाते आणि बाहेरची ताजी हवा तिच्यामागून येते. म्हणजे 500 पैकी 314 मिलिलिटर शिळीच हवा, तीही आपलीच.

आता खरी गंमत पुढे आहे. अशी एक नळी आपण जन्मापासून शरीरात घेऊनच फिरतो.

नाकपुडीपासून घसा, स्वरयंत्र, मुख्य श्वासनलिका, तिच्या दोन फांद्या, त्यांच्या उपफांद्या असं करत हवा आत जाते. ही नळी दुभंगत जाते, प्रत्येक फांदीच्या दोन, त्या दोनांच्या चार. साधारण सोळा वेळा दुभंगेपर्यंत या नळ्यांच्या भिंतींवर एकही वायुकोश नसतो. हवा आणि रक्त यांची देवाणघेवाण फक्त वायुकोशांत होते, कारण तिथली भिंत अतिशय पातळ असते आणि पलीकडे केशवाहिन्यांचं जाळं असतं. नळ्यांची भिंत जाड असते. तिच्यातून ऑक्सिजन रक्तात शिरत नाही आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. या नळ्यांच्या पोकळीला वैद्यकात अॅनाटॉमिकल डेड स्पेस म्हणतात. अॅनाटॉमी म्हणजे शरीररचना, तेव्हा रचनेमुळेच वाया जाणारी जागा. मोठ्या माणसात ती सुमारे 150 मिलिलिटर असते. ढोबळ अंदाज हवा असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे दोन मिलिलिटरच्या किंचित वर धरावं.

ही जागा निरुपयोगी मात्र नाही. हवा गरम करणं, ओलसर करणं, धूळ अडवणं ही सगळी कामं तिथेच होतात. उन्हात धापा टाकणाऱ्या कुत्र्याकडे पाहा. त्याचे श्वास झपाट्याने आणि अगदी उथळ चाललेले असतात. हवा मुख्यतः तोंड, नाक आणि वरच्या नळ्यांतून आत-बाहेर होते, तिथला ओलावा वाफ होऊन उष्णता घेऊन जातो. वायुकोशांपर्यंत फारशी हवा जात नसल्यामुळे एवढ्या धापांनंतरही त्याच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड फारसा ढळत नाही. कुत्र्याने डेड स्पेसचा पंखा केलेला असतो.

माणसाने आजारपणात असे उथळ श्वास घेतले तर मात्र ते महागात पडतं. एक माणूस मिनिटाला 12 वेळा 500 मिलिलिटर हवा घेतो, म्हणजे मिनिटाला 6 लिटर. प्रत्येक श्वासातले 150 नळ्यांत गेले, उरले 350. बाराने गुणलं की कामी आलेली हवा 4.2 लिटर. दुसरा माणूस मिनिटाला 24 वेळा 250 मिलिलिटर घेतो. बेरीज तीच, 6 लिटर. पण प्रत्येक श्वासातले 150 गेले की उरतात 100, आणि चोवीसने गुणून कामी आलेली हवा 2.4 लिटर. घेतलेली हवा सारखीच, कामी आलेली जवळजवळ निम्म्यावर. बरगड्या मोडल्यामुळे किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुखतं म्हणून पेशंट तोकडे श्वास घेतो, तेव्हा फिजिओथेरपिस्ट त्याच्या मागे लागून खोल श्वास का घ्यायला लावतात, त्याचं एक कारण या वजाबाकीत आहे. 150 चा कर दर श्वासाला एकदाच भरावा लागतो. श्वास खोल असेल तर तो परवडतो.

हे 150 मोजायची सुरेख रीत वॉर्ड फाउलर यांनी 1948 मध्ये मांडली. माणसाला एकच श्वास शुद्ध ऑक्सिजनचा घ्यायला लावायचा आणि मग सावकाश सोडायला सांगायचं. सोडलेल्या हवेतला नायट्रोजन यंत्र क्षणाक्षणाला मोजत राहतं. सुरुवातीला नायट्रोजन शून्य येतो, कारण ती नळ्यांतली, नुकतीच घेतलेली शुद्ध ऑक्सिजनची हवा असते. मग नायट्रोजन चढू लागतो आणि थोड्या वेळाने एका पातळीवर स्थिरावतो. ती वायुकोशांतली हवा, तिथे आधीपासूनचा नायट्रोजन होताच. चढाच्या मध्यावर रेघ मारली की तोवर बाहेर आलेली हवा म्हणजे नळ्यांचं आकारमान. या मोजमापात रक्ताचा कुठेच संबंध आला नाही, हे लक्षात ठेवायला हवं. फाउलरची रीत फक्त एवढंच सांगते की नळी कुठे संपली आणि वायुकोश कुठे सुरू झाले.

रक्ताचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. वायुकोशापर्यंत हवा पोचली म्हणून काम झालं असं नाही. भिंतीपलीकडे रक्त वाहत असेल तरच देवाणघेवाण होईल. एसटी स्टँडचं उदाहरण घेऊ. हायवेपासून स्टँडपर्यंतच्या रस्त्यावर गाडीत कुणी चढत-उतरत नाही. तो रस्ता म्हणजे अॅनाटॉमिकल डेड स्पेस. गाडी फलाटावर लागली की प्रवासी चढतात. पण एखाद्या फलाटाकडे येणारी वाट बंद असेल आणि तिथे प्रवासीच पोचत नसतील, तर तिथे लागलेली गाडीही रिकामीच परतणार. त्या गाडीची खेप रस्त्यात गेली तेवढीच फुकट. असे रिकामे फलाट म्हणजे रक्त न पोचणारे वायुकोश. त्यांतल्या वाया गेलेल्या हवेला अल्व्हिओलर डेड स्पेस म्हणतात. रस्ता आणि रिकामे फलाट मिळून जे एकूण वाया जातं, ते फिजिऑलॉजिकल डेड स्पेस. फिजिऑलॉजी म्हणजे शरीराचं कार्य. किती हवा प्रत्यक्षात कामी आली नाही, याचा हा पूर्ण हिशोब.

निरोगी माणसात हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. म्हणून अनेक विद्यार्थ्यांना हे दोन वेगळे शब्द का, असा प्रश्न पडतो आणि परीक्षेपुरती व्याख्या पाठ करून ते पुढे जातात. पण फरक शोधायचा तो आजारात. अॅनाटॉमिकल डेड स्पेस सहसा हलत नाही, कारण नळ्या त्याच असतात. फिजिऑलॉजिकल डेड स्पेस काही सेकंदांत दुप्पट होऊ शकते. दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे रिकाम्या वायुकोशांचं माप, आणि डॉक्टरला खरा रस त्या अंतरात असतो.

एक उदाहरण आकड्यांसकट पाहू. आकडे सोपे व्हावेत म्हणून मी ते नीटनेटके घेतले आहेत, पण घटनाक्रम कुठल्याही हाडांच्या वॉर्डात घडणारा आहे. सत्तर किलो वजनाचे एक गृहस्थ मोटारसायकलवरून पडले. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आठवडाभर पडून आहेत. पायाचे स्नायू हलत नसल्याने शिरांतलं रक्त साकळतं आणि पायात गुठळी तयार होते. एका सकाळी बेडवरून उठताना ती सुटते, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे जाऊन फुफ्फुसाच्या धमनीत अडकते. यालाच पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. पेशंटला एकदम दम लागतो. श्वास मिनिटाला 21. आणि छातीचा एक्स-रे बघावा तर बहुतेक वेळा जवळजवळ स्वच्छ. स्टेथोस्कोप लावला तर हवा दोन्हीकडे नीट शिरते आहे. नळ्या मोकळ्या आहेत, वायुकोश उघडे आहेत, हवा पोचते आहे. अडथळा हवेच्या वाटेवर नाहीच, तो रक्ताच्या वाटेवर आहे.

किती हवा वाया जाते आहे, हे काढायची युक्ती फाउलरच्याही आधीची आहे. कोपनहेगनचे क्रिस्टियन बोर यांनी ती 1891 मध्ये मांडली. अणुरचनेसाठी जग ज्यांना ओळखतं त्या नील्स बोर यांचे हे वडील. त्यांचा विचार असा होता की बाहेरच्या ताज्या हवेत कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसतोच. मग उच्छ्वासात जो येतो तो सगळा रक्ताला भेटून आलेल्या हवेनेच आणलेला असणार. वाया गेलेली हवा त्यात मिसळून त्याला पातळ करते. जितकं पातळ, तितकी वाया गेलेली हवा जास्त. पुढे 1938 मध्ये स्वीडनचे हेन्रिक एंगहॉफ यांनी या सूत्रात एक बदल केला. वायुकोशांतली नेमकी हवा हाती लागणं कठीण असतं, म्हणून तिच्या जागी धमनीतल्या रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब घ्यायचा. तेव्हापासून मनगटातून काढलेला रक्ताचा नमुना आणि पिशवीत गोळा केलेला उच्छ्वास एवढ्यावर काम भागू लागलं.

आपल्या गृहस्थांचा अपघाताआधीचा हिशोब असा असता. धमनीतला दाब 40 मिलिमीटर पारा. काही मिनिटं पिशवीत गोळा केलेल्या एकूण उच्छ्वासातला दाब 28. दोन्हींतला फरक 12, त्याला 40 ने भागलं की 0.3. म्हणजे प्रत्येक श्वासातला तीस टक्के भाग वाया, 500 पैकी 150. फाउलरच्या रीतीनेही 150 च आले असते. दोन आकडे जुळले, कारण रक्त न पोचणारे वायुकोश नव्हतेच म्हणायचे.

गुठळी अडकल्यावर तोच हिशोब पुन्हा मांडू. धमनीतला दाब अजूनही 40, पण उच्छ्वासातला घसरून 16. फरक 24, भागाकार 0.6. आता 500 पैकी 300 मिलिलिटर वाया जात आहेत. फाउलरची चाचणी मात्र आजही 150 च दाखवेल, कारण नळ्या आहेत तेवढ्याच आहेत. उरलेले 150 मिलिलिटर अशा वायुकोशांत जात आहेत, जिथे हवा आहे आणि रक्त नाही.

आता त्या 21 श्वासांचा उलगडा होतो. पूर्वी मिनिटाला 4.2 लिटर हवा कामी येत होती आणि शरीराची गरज अजूनही तेवढीच आहे. दर श्वासाला आता 200 च मिलिलिटर कामाला येतात. 4,200 ला 200 ने भागा, 21 येतात. धाप उगाच लागलेली नाही, शरीराने तंतोतंत हिशोब करून ती लावली आहे. समजा हे गृहस्थ झोपेच्या औषधाच्या अमलाखाली असते आणि श्वास 12 वरच राहिले असते, तर कामी येणारी हवा 2.4 लिटरवर आली असती आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड हळूहळू 40 वरून 70 च्या घरात गेला असता. म्हणून अशा पेशंटची नुसती धाप थांबवायला गुंगीचं औषध देणं धोक्याचं. प्रत्यक्षात घाबरल्यामुळे आणि फुफ्फुसातून जाणाऱ्या संवेदनांमुळे बरेच पेशंट गरजेपेक्षाही जास्त श्वास घेतात आणि त्यांचा रक्तातला दाब 40 च्या खालीच सापडतो. तो कमी दिसला म्हणून सगळं ठीक आहे असं समजणं ही नवख्या डॉक्टरची नेहमीची चूक. मिनिटाला किती श्वास घेऊन तो आकडा राखलाय, हे पाहायलाच हवं.

पिशवीत उच्छ्वास गोळा करत बसायला आयसीयूत कुणाला सवड नसते. तिथे कॅप्नोग्राफ असतो. श्वासाच्या नळीला जोडलेलं हे यंत्र दर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पडद्यावर आलेखाने दाखवतं. उच्छ्वासाच्या अगदी शेवटी येणारी हवा वायुकोशांतली असते, त्यामुळे निरोगी माणसात शेवटचा आकडा धमनीतल्या दाबापेक्षा दोन ते पाचच मिलिमीटरने कमी येतो. आपल्या गृहस्थांत वायुकोशांतून येणाऱ्या 350 मिलिलिटरपैकी 150 कोरेच आहेत. 40 ला 200 ने गुणून 350 ने भागलं तर यंत्रावर सुमारे 23 दिसतील. रक्तात 40, यंत्रावर 23. हे सतराचं अंतर म्हणजे रिकाम्या वायुकोशांची उघड खूण. ऑपरेशन टेबलावर व्हेंटिलेटरची सेटिंग्ज तशीच असताना कॅप्नोग्राफचा आकडा अचानक घसरला, तर भूलतज्ज्ञ लगेच रक्ताभिसरणाकडे वळतात ते याच तर्काने. हृदय बंद पडलं तर ही गोष्ट टोकाला जाते. नळ्या 150 च, पण फुफ्फुसाकडे रक्तच जात नाही, तेव्हा पूर्ण श्वास वाया. छातीवर दाब देणं सुरू असताना आकडा बहुधा खालीच असतो आणि हृदय पुन्हा धडधडू लागलं की तो एकदम वर उसळतो. नाडी बोटाला लागायच्या आधीच काही वेळा यंत्र ही बातमी देतं.

अर्थात मोठी डेड स्पेस म्हणजे गुठळीच, असं नाही. वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढून एम्फिसीमा झालेल्या माणसात वायुकोशांच्या भिंती आणि त्यांच्याबरोबर केशवाहिन्याही नष्ट झालेल्या असतात. तिथेही हवा जाते आणि रक्ताला भेटत नाही. खूप रक्तस्राव झाला आणि रक्तदाब पडला तर फुफ्फुसाच्या वरच्या भागाला रक्त कमी पोचतं. व्हेंटिलेटरने हवा फार जोराने भरली तर ताणलेले वायुकोश स्वतःच्याच केशवाहिन्या चेपतात. एंगहॉफच्या सूत्रालाही एक खोट आहे. फुफ्फुसाचा काही भाग न्यूमोनियाने भरला असेल तर तिथून रक्त हवेला न भेटताच पुढे जातं, धमनीतला कार्बन डायऑक्साइड त्यामुळे वाढतो आणि सूत्र तो दोषही डेड स्पेसच्याच खात्यात टाकतं. म्हणून गुठळीचं अंतिम निदान या आकड्यावर होत नाही. त्यासाठी शिरेत औषध सोडून छातीचा सीटी स्कॅन करावा लागतो. आकडा फक्त कुठल्या दिशेला शोधायचं ते सांगतो.

उपचारही दोन जागांचे दोन. बराच काळ व्हेंटिलेटरवर असलेल्या अशक्त पेशंटच्या गळ्याला छेद देऊन ट्रॅकिऑस्टॉमीची नळी बसवली की नाक, तोंड आणि घसा वाटेतून वगळले जातात. अॅनाटॉमिकल डेड स्पेस जवळजवळ निम्मी होते. आधीच तोकडे श्वास घेणाऱ्याला वाचलेले ते 70-75 मिलिलिटर फार मोलाचे असतात. आयसीयूतल्या अनुभवी सिस्टर पेशंट आणि व्हेंटिलेटर यांच्यामध्ये उगाच लांबलचक जोडनळी किंवा जास्तीचा फिल्टर राहू देत नाहीत, तेही त्यासाठीच. पेशंटच्या तोंडापाशी जोडलेला प्रत्येक तुकडा म्हणजे स्नॉर्केलची लांबी वाढवणं. पण गुठळीच्या पेशंटची वाट आखूड करून मूळ दुखणं जात नाही. तिथे हेपरिनसारखं औषध देऊन गुठळी वाढू द्यायची नाही, रक्तदाबच कोसळत असेल तर ती विरघळवणारं औषध द्यायचं, आणि अडकलेल्या भागात रक्त परतण्याची वाट पाहायची.

आपल्या गृहस्थांना हेपरिन सुरू झालं. समजा, काही दिवसांनी पुन्हा मोजलं आणि धमनीत 40, उच्छ्वासात 26 आले. फरक 14, भागाकार 0.35, म्हणजे 500 पैकी 175 वाया. दम बसला आहे, श्वास मिनिटाला तेरा-चौदावर आले आहेत, घरी जायची घाई सुरू झाली आहे. पण नळ्यांचे 150 वजा केले की 25 मिलिलिटर अजूनही रक्त न पोचणाऱ्या वायुकोशांत जात आहेत. गुठळीचे उरलेसुरले तुकडे शरीर पुढचे काही आठवडे आपल्या गतीने विरघळवत राहील. त्या काळात पायात नवी गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किमान तीन महिने चालू ठेवायच्या असतात.